रात्री पोटरीत गोळा का येतो?

 

आजचा विषय असा आहे की जिला त्याचा अनुभव आहे, तिला वेगळं काही सांगावं लागणार नाही. दिवसभराचं काम आटोपून माणूस झोपतं. दोन-अडीच वाजता झोपेत पाय लांब होतो आणि पोटरीत एकदम कळ उठते. हात लावला तर पोटरी दगडासारखी घट्ट, आत लिंबाएवढा गोळा. ओरडावंसं वाटतं, पण शेजारी पोरं झोपलेली असतात. काही क्षण, कधी पाच-सात मिनिटं, मग हळूहळू गोळा सुटतो. दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकत राहते. याला कुणी वांब येणं म्हणतं, कुणी पेटके, कुणी शीर चढली म्हणतं. नावं वेगळी, दुखणं एकच.

पन्नाशी ओलांडलेल्यांत हे फार सापडतं. बहुतेक वेळा त्यामागे मोठा आजार नसतो. पण थोड्या जणींमध्ये त्यामागे शोधून काढण्याजोगं कारण असतं, आणि ते कारण सोडून आपण भलत्याच गोष्टीवर पैसे घालवतो. म्हणून आज एवढंच बघू: पाणी, क्षार, गोळ्या आणि नसा या चौघांपैकी कुणाचा वाटा किती, आणि तो ओळखायचा कसा.

आधी पायात नेमकं काय होतं ते समजून घेऊ. स्नायू स्वतःहून आकसत नाही. मणक्यातून निघालेली नस त्याला हुकूम देते, तेव्हा तो आकसतो. हुकूम थांबला की सैल पडतो. गोळा येतो तेव्हा नस थांबतच नाही, एकामागून एक हुकूम सोडत राहते. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर चिकटला की बटण सोडलं तरी मोटर चालूच राहते, तसं. म्हणजे दुखतं पोटरीत, पण खोडी बहुतेक वेळा नसेच्या टोकाची असते.

मग रात्रीच का? झोपेत आपलं पाऊल खाली लोंबल्यासारखं, बोटं पुढे करून पडलेलं असतं. वर वाकळ किंवा जाड चादर असेल तर ती पाऊल आणखी खाली दाबते. अशा वेळी पोटरीचा स्नायू आधीच आखडून छोटा झालेला असतो. त्यात झोपेत जरा पाय ताणला, की तो आणखी आकसतो आणि अडकतो. यातून उपायही कळतो. आखडलेला स्नायू लांब केला, की गोळा सुटतो.

तो कसा लांब करायचा ते सांगते. गोळा आला की उठून बसा. गुडघा सरळ ठेवा. हाताने पायाची बोटं आणि चवडा धरून आपल्याकडे, नडगीच्या दिशेने ओढा. हात पोचत नसेल तर पदर, ओढणी किंवा टॉवेल चवड्याखालून घाला आणि दोन्ही टोकं धरून ओढा. हिसका द्यायचा नाही. सावकाश ओढायचं आणि गोळा सैल होईपर्यंत धरून ठेवायचं. उभं राहवत असेल तर टाच जमिनीवर दाबून उभं राहिलं तरी चालतं. पण म्हाताऱ्या माणसांनी अंधारात धडपडत उभं राहू नये, पडून खुबा मोडला तर गोळा परवडला म्हणायची वेळ येईल. गोळा सुटल्यावर पोटरी हलक्या हाताने चोळा, वाटलं तर गरम कपड्याने शेका. नुसतं चोळत बसलं आणि पाऊल खालीच राहिलं, तर गोळा सुटायला वेळ लागतो.

आता पाण्याकडे वळू. ‘पाणी कमी पितेस म्हणून गोळे येतात,’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. यात अर्धी गोष्ट खरी आहे. साधारण शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कोळशाच्या खोल, गरम खाणींत काम करणाऱ्या मजुरांना हातापायांत आणि पोटात भयंकर गोळे यायचे. ते पाणी कमी पीत नव्हते, उलट भरपूर पीत होते. १९२० च्या दशकात ज्यांनी त्याचा अभ्यास केला, त्यांच्या लक्षात आलं की घामातून पाण्याबरोबर मीठ जातं आणि मजूर भरून काढतात फक्त पाणी. प्यायच्या पाण्यात थोडं मीठ घातलं, तेव्हा गोळे कमी झाले.

आपल्याकडे ऊसतोड, कांदा काढणी, वीटभट्टी, रोजगार हमीचं खोदकाम, हे सगळं या खाणीसारखंच. एका लिटर घामातून साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जातं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. भर उन्हात चार-पाच तास काम करताना काही लिटर घाम सहज जातो. अशा बाईला कामाच्या वेळी किंवा त्याच संध्याकाळी गोळे येत असतील, तर उपाय नुसतं पाणी नाही. मीठ घातलेलं ताक, मीठ-साखरेचं लिंबू सरबत, आणि वेळेवर भाकरी-आमटी हा उपाय आहे. त्यातच आणखी एक अडचण असते. रानात आडोसा नसतो म्हणून बऱ्याच जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याचा त्रास पायांपुरता राहत नाही, लघवीची जळजळ आणि चक्कर हे पुढचं.

पण जिला घाम आला नाही, जुलाब-उलट्या झाल्या नाहीत, थंडीच्या दिवसांतही ज्या घरबसल्या आजीला रात्री गोळे येतात, तिचा प्रश्न तांब्याभर जास्त पाण्याने सुटत नाही. लघवी फिक्कट पिवळी होते आहे, दिवसातून पाच-सहा वेळा होते आहे, तर पाणी पुरेसं आहे. रात्री झोपताना मुद्दाम दोन तांबे प्यायलं, तर गोळा जाणार नाही, उलट लघवीसाठी दोनदा उठावं लागेल. आणि ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी मीठ-पाणी किंवा ओआरएस मनाने रोज पिऊ नये. त्यात मीठ असतं.

दुसरा मुद्दा क्षारांचा. मेडिकलच्या दुकानात जाऊन ‘पायात गोळे येतात’ म्हटलं, की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या हातात पडतात. यातल्या मॅग्नेशियमवर बरेच अभ्यास झालेत. ते सगळे एकत्र करून पाहिले, तेव्हा वयस्क माणसांच्या रात्रीच्या गोळ्यांना त्याचा म्हणावा असा उपयोग दिसला नाही. गरोदर बायांबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यांनी आपल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारावं. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी जुलाब होऊ शकतात, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर त्या धोक्याच्या ठरतात. बाजरी, नाचणी, शेंगदाणे, तीळ, हरभरा, पालेभाज्या खाणाऱ्या माणसाला मॅग्नेशियम ताटातूनच मिळतं.

कॅल्शियम खरंच फार कमी झालं, तर गोळा एकट्या पोटरीत येत नाही. हाताची बोटं वाकडी होऊन आखडतात, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. असं होत असेल तर लगेच दवाखाना. फक्त रात्री पोटरीत गोळा येतो म्हणून कॅल्शियम सुरू केलं, तर त्या गोळ्याला त्याने फरक पडेल असा आधार नाही. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर ती वेगळी गोष्ट.

राहिलं पोटॅशियम, म्हणजे केळ्याची गोष्ट. केळ्यात पोटॅशियम असतं हे खरं. पण निरोगी, जेवणारं-खाणारं माणूस असेल, तर पोटॅशियम एकाएकी कमी होत नाही. ते कमी होतं ते जुलाब-उलट्यांनी, किंवा काही गोळ्यांनी. आणि इथूनच तिसरा मुद्दा सुरू होतो. मला वाटतं, आजच्या बोलण्यात सर्वांत कामाचा हाच आहे.

एक उदाहरण घेऊ. ही एकच बाई नाही, दवाखान्यात भेटणाऱ्या अनेकींचं मिळून केलेलं उदाहरण आहे. आपण तिला आक्का म्हणू. आक्काचं वय ५७. चार वर्षांपासून रक्तदाबाची एक गोळी चालू होती. उन्हाळ्याच्या तोंडाला रक्तदाब वर राहू लागला म्हणून डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली. त्यानंतर तीन आठवड्यांनी तिला रात्री गोळे यायला लागले, आठवड्यातून तीन-चार रात्री. गटातल्या बायकांनी सल्ले दिले. एकीने रोज दोन केळी सांगितली, एकीने मॅग्नेशियमची पूड, एकीने कॅल्शियम. दीड महिन्यात पैसे गेले, गोळे राहिले. मग शेजारीण म्हणाली, ‘आक्का, त्या नव्या गोळ्यांनीच होतंय, टाक सोडून.’ आक्काने नवी गोळी सोडलीच, सोबत जुनीही सोडली. आठ-दहा दिवसांनी डोकं ठणकायला लागलं म्हणून ती आरोग्य केंद्रात गेली, तर वरचा रक्तदाब १८० च्या घरात.

आता बघा, शेजारणीचा संशय खरा होता. सल्ला मात्र चुकीचा होता. आक्काला दिलेली नवी गोळी होती क्लोरथॅलिडोन. आपल्याकडे हिच्या जातीच्या गोळ्यांना लघवीची गोळी किंवा पाण्याची गोळी म्हणतात. हायड्रोक्लोरोथायझाइड हीही त्यातलीच, आणि ती बऱ्याचदा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिसळलेली असते. या गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतात, म्हणून रक्तदाब उतरतो. पण त्याबरोबर पोटॅशियमही जातं, कधी मॅग्नेशियम आणि सोडियमही. वरून उन्हातला घाम.

आरोग्य केंद्रात सगळी पाकिटं बघितली गेली. पायाची तपासणी झाली, साखर पाहिली, ती ठीक होती. रक्तातलं पोटॅशियम आलं ३.१. ते साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. डॉक्टरांनी काही दिवस मोजून पोटॅशियमचं पातळ औषध दिलं, लघवीच्या गोळीऐवजी दुसऱ्या प्रकारची रक्तदाबाची गोळी दिली, जुनी गोळी परत सुरू केली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. पोटॅशियम ४ वर आलं, रक्तदाबही उतरला. गोळे आठवड्यातून तीन-चारवरून पंधरा दिवसांतून एकदावर आले. पूर्ण गेले नाहीत. कारण वयाने होणारे काही गोळे तिला तसेही येणारच होते.

यात एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाहीत, शरीरातच ठेवतात. ती गोळी चालू असताना कुणी मनाने पोटॅशियमचं औषध प्यायलं, तर पोटॅशियम जास्त होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून एकीला डॉक्टरांनी दिलेली बाटली दुसरीने पिऊ नये. कमी आहे की जास्त, हे पोटरीला हात लावून कळत नाही, रक्त तपासूनच कळतं.

लघवीच्या गोळ्यांशिवाय आणखी दोन औषधांकडे बघा. एक, दम्यासाठी ओढायचे काही पंप, ज्यांचा असर बारा तास टिकतो ते. दुसरं, कोलेस्टेरॉलच्या, नावाच्या शेवटी ‘स्टॅटिन’ येणाऱ्या गोळ्या. कॅनडातल्या एका मोठ्या पाहणीत पंप आणि लघवीच्या गोळ्या सुरू केल्यानंतर गोळ्यांवरचं औषध मागणारे जास्त दिसले, स्टॅटिनचा संबंध त्यामानाने हलका होता. स्टॅटिन घेणाऱ्या बाईला मात्र मांड्या-खांद्यांचे स्नायू खूप दुखायला लागले, अशक्तपणा आला आणि लघवी काळपट चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. यातलं कुठलंही औषध मनाने बंद करायचं नाही. ‘हे औषध सुरू झाल्यावर इतक्या दिवसांनी गोळे सुरू झाले,’ एवढं वाक्य डॉक्टरांना सांगायचं. त्या एका वाक्याने त्यांचं निम्मं काम होतं.

आणि एक जुना उपाय मुद्दाम सांगते, कारण घरात कुणीतरी तो सुचवतं. हिवतापावरचं कोयनेल, म्हणजे क्विनाइन, याने गोळे थोडे कमी होतात हे खरं आहे. पण त्याने काहींच्या रक्तातल्या गोठवणाऱ्या पेशी एकदम घटून रक्तस्राव होतो, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने १९९४ मध्ये गोळ्यांसाठी त्याची विनाचिठ्ठी विक्री बंद केली आणि पुढेही वारंवार इशारे दिले. पायातल्या गोळ्यासाठी ही जोखीम घ्यायची नाही.

चौथा मुद्दा नसांचा. सगळ्यांत आधी सांगितलं की खोडी नसेच्या टोकाची असते. म्हणून नस आजारी असेल तर गोळे वाढतात. पण आजारी नस फक्त गोळा देऊन थांबत नाही, ती आणखी खुणा देते. तळपायाची आग होते. मुंग्या येतात. कापसावर चालल्यासारखं वाटतं. चप्पल पायातून निसटते आणि दहा पावलं गेल्यावर कळतं. काटा रुतला, रक्त आलं, पण दुखलं नाही. अशा खुणा असतील तर पहिली तपासणी साखरेची. कित्येक बायकांचा मधुमेह पायांवरूनच उघडकीला येतो.

साखर आधीपासून आहे आणि मेटफॉर्मिन गोळी अनेक वर्षं चालू आहे, तर बी-बारा या जीवनसत्त्वाचीही चौकशी करा. ती गोळी बी-बारा शोषू देत नाही. शिवाय ते दूध-दही, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. जी माळकरी बाई घरातलं दूध सगळं डेअरीला घालते आणि स्वतः काळा चहा पिते, तिच्यात ते कमी असण्याची शक्यता जास्त. बी-बाराची कमी भरून काढता येते, पण उशीर झाला तर नसेचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

दुसरी जागा म्हणजे कंबर. मणक्यात नसांची वाट अरुंद झाली, की थोडं चाललं तरी दोन्ही पाय भरून येतात, जड पडतात. पुढे वाकलं किंवा बसलं की बरं वाटतं. अशा माणसालाही रात्री गोळे येतात. आणि एका पायाची ताकद कमी होत असेल, पाऊल फरपटत असेल, एक पोटरी दुसरीपेक्षा बारीक झाली असेल, तर केळी आणि शेक यांत दिवस घालवायचे नाहीत.

दोन दुखणी गोळ्यासारखी वाटतात, पण गोळा नसतात. एक, रात्री पडल्यावर पायात वळवळतं, पाय सतत हलवावासा वाटतो, उठून चाललं की बरं वाटतं, आणि पोटरी मात्र मऊ असते. यात रक्तातलं लोह कमी असण्याचा संशय घ्यायचा आणि हिमोग्लोबिनबरोबर लोहाची तपासणी विचारायची. दुसरं जास्त गंभीर. एकाच पायाची पोटरी सुजते, गरम लागते, दुखणं दहा मिनिटांत जात नाही, दिवसभर राहतं. बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर असं झालं, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळायची नाही. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं, तर १०८ ला फोन करायचा.

यातलं काहीच नसेल, गोळा फक्त रात्री येतो, पायाची ताकद आणि जाणीव ठीक आहे, तर रोज झोपताना ताण द्यायचा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभ्या राहा. तळहात भिंतीला टेकवा. गुडघे सरळ, टाचा जमिनीला चिकटलेल्या, आणि अंग हळूहळू भिंतीकडे झुकवा. पोटरीत ताण जाणवला की मनात दहा आकडे मोजा. मागे या. असं तीन वेळा. नेदरलँड्समध्ये पंचावन्न वर्षांवरच्या ८० जणांपैकी निम्म्यांनी सहा आठवडे झोपण्याआधी पायांना असा ताण दिला, त्यांचे गोळे बाकीच्यांपेक्षा कमी झाले. दुसऱ्या एका अभ्यासात फरक दिसला नाही. म्हणजे हमी नाही, पण पैसा लागत नाही आणि अपायही नाही. सहा आठवडे नेमाने करून बघायला हरकत नाही. झोपताना पावलांवरची चादर सैल ठेवा; उताणं झोपणाऱ्यांनी पायथ्याशी उशी ठेवून पाऊल उभं राहील असं करा.

आणि दवाखान्यात जायचं असेल, तर आधी पंधरा दिवस एक कागद ठेवा. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या. कुठल्या रात्री गोळा आला, कुठल्या पायात, किती वेळ राहिला. त्या दिवशी उन्हात काम होतं का, जुलाब झाले का. आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, पंप, काढे, पुड्या एका पिशवीत घालून न्या. रिकामी पाकिटंही न्या, कारण नाव त्यांवरच असतं. कुठलं औषध कधी सुरू झालं, ते आठवून त्या पाकिटावर पेनाने लिहा. आक्काची पिशवी आधीच उघडली गेली असती, तर तिचा दीड महिना आणि ते १८० दोन्ही वाचले असते.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या बैठकीत गटातल्या ज्या-ज्या जणी रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, त्यांनी आपापली पाकिटं आणून त्यांवरची नावं एकमेकींना वाचून दाखवावीत. काही शंका निघाली तर आशाताईंना विचारा.